साडेसातची बस, तीनचा चहा आणि परिसेविकेचा पेपर

दहा-बारा वर्षं वॉर्डात काढलेली सिस्टर पदोन्नतीच्या परीक्षेचा सराव पेपर सोडवायला बसते आणि पन्नासपैकी एकवीस गुणांवर अडकते. घरच्यांना याचं नवल वाटतं. ‘रोज तेच तर करतेस,’ असं नवरा म्हणतो. तो चेष्टेने म्हणत नाही, पण लागायचं तिथे लागतंच.

खरं तर नवल वाटण्यासारखं त्यात काही नाही. मेडिसिन वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेल्या सिस्टरचा हात शिरेवर डोळे झाकून बसतो. पण लेबर रूमचं तोंड तिने शिकत असताना पाहिलेलं असतं, त्यानंतर नाही. पेपर काढणाऱ्याला तिची नेमणूक कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं. शिवाय हा पेपर तिच्या आजच्या कामाचा नसतोच, पुढच्या पदाचा असतो. राज्य शासनाच्या रुग्णालयांत अधिपरिचारिकेच्या वर परिसेविका, तिच्या वर सहायक अधिसेविका आणि मग अधिसेविका अशी चढण असते. वॉर्डाच्या बोलीत सांगायचं तर स्टाफ सिस्टर, इनचार्ज आणि मेट्रन. बढती काही आस्थापनांत निव्वळ ज्येष्ठतेने मिळते, काही ठिकाणी लेखी परीक्षा असते. परीक्षा असली की तिच्यात वॉर्ड चालवण्याचे प्रश्न येतात: ड्युटीचा तक्ता, औषधांचा साठा, रजेचे नियम, नोंदी, जैववैद्यकीय कचरा.

या लेखातली सिस्टर कल्पनेतली आहे. म्हणून तिला नाव दिलेलं नाही, आणि वॉर्डात तिला नावाने हाक मारतं तरी कोण? ती चेंबूरला राहते आणि दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात काम करते. सलग सहा-सात नाइट, मग ऑफ, पुन्हा दिवसपाळी, असं तिचं चक्र. घरात दहावीतला मुलगा आणि गुडघे धरलेल्या सासूबाई आहेत. टेबलाशी बसून दोन तास अभ्यास ही गोष्ट तिच्या दिवसात कुठेच बसत नाही. तिच्या हाती उरतो तो बसमधला तासभर आणि रात्रीच्या कामातली दहा-पंधरा मिनिटांची भोकं. माणूस कल्पनेतला असला तरी ही भोकं खरी आहेत, आणि पुढे येणारी औषधांची गणितंही.

सुरुवातीला ती करायची ते सगळेच करतात. जाडजूड गाइड पिशवीत, हातात पिवळा हायलायटर आणि बस सुटली की वाचन सुरू. दोन अडचणी लगेच पुढे आल्या. एक म्हणजे पूर्वमुक्त मार्ग सोडून जाणारी बस सिग्नलला अडत, खड्ड्यांतून हेलपाटत जाते, आणि पानाकडे बघत राहिलं की मळमळतं. डोळ्यांना पान स्थिर दिसतं, कानातल्या तोलाच्या यंत्रणेला मात्र हलल्याचं कळत असतं. या दोघांचं जमत नाही म्हणून पोट ढवळतं. दुसरी अडचण जास्त फसवी होती. तिसऱ्यांदा वाचलेलं पान ओळखीचं वाटू लागलं, आणि ओळखीचं म्हणजे येतं असं तिने धरून चाललं. सराव पेपरातले एकवीस गुण त्या समजुतीचे होते.

या फसगतीची मोजणी झालेली आहे. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून ठेवून आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्केच आठवलं, मिटून आठवणाऱ्यांना 56. बसमधून उतरताना ‘आज छान झालं’ असं वाटणं आणि परीक्षेच्या दिवशी आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग गाइड घरी राहिलं आणि चिठ्ठ्या आल्या. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे पुठ्ठे, एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. युक्ती जुनीच आहे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 साली ती कप्प्यांच्या पेटीत बसवली. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा भेटते. चुकलं की पहिल्या कप्प्यात परत येते आणि उद्याच भेटते. पर्समध्ये पेटी मावत नाही, म्हणून आपल्या सिस्टरने औषधाच्या दुकानातले चार खाकी लिफाफे घेतले आणि त्यांवर ‘उद्या’, ‘तीन दिवस’, ‘आठवडा’, ‘पंधरवडा’ असं लिहिलं. बसच्या एका फेरीत पंधरा-वीस चिठ्ठ्या आरामात होतात. महत्त्वाचं एवढंच, की मागची बाजू बघण्याआधी उत्तर ओठांवर यायला हवं. ‘हे येतंय मला’ म्हणून चिठ्ठी उलटली तर ते पुन्हा वाचनच झालं.

चिठ्ठी कशी लिहायची, यात मात्र तिची पहिली खेप वाया गेली. तिने एका चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘एक्लॅम्पसियामध्ये मॅगसल्फ कसं देतात?’ मागे दहा ओळींचं उत्तर. अशा चिठ्ठीचं उत्तर नेहमीच अर्धं येतं. मग ती बरोबर धरायची की चूक?

गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर रक्तदाब चढून झटके येतात, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेट देतात. वॉर्डात त्याला कुणी पूर्ण नावाने बोलवत नाही. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या ॲम्प्युलमध्ये 50 टक्के द्रावण 2 मिलिलिटर असतं, म्हणजे एका ॲम्प्युलमध्ये 1 ग्रॅम. पाठ्यपुस्तकांतल्या प्रिचर्ड पद्धतीत पहिला डोस 14 ग्रॅमचा. त्यातले 4 ग्रॅम शिरेतून द्यायचे असतात आणि ते पातळ करून, 20 टक्क्यांचं द्रावण करून. म्हणजे चार ॲम्प्युल, 8 मिलिलिटर. त्यात 12 मिलिलिटर पाणी मिळवलं की 20 मिलिलिटर होतात, आणि ते सावकाश द्यायचे. उरलेले 10 ग्रॅम स्नायूत, दोन्ही नितंबांत पाच-पाच. तिथे पातळ करायचं नाही, म्हणजे प्रत्येक बाजूला 10 मिलिलिटर. पुढे दर चार तासांनी 5 ग्रॅम, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या.

हे सगळं एका चिठ्ठीचं काम नाही. तिने सहा चिठ्ठ्या केल्या. एका ॲम्प्युलमध्ये किती ग्रॅम? शिरेतून किती आणि किती टक्के? 4 ग्रॅमसाठी पाणी किती मिळवायचं? पुढचा डोस देण्याआधी काय बघायचं? ही चौथी चिठ्ठी सर्वात मोलाची, कारण पेपरात तोच प्रश्न फिरवून विचारतात. गुडघ्याचा झटका लागतोय ना, श्वास मिनिटाला किमान 16 आहेत ना, लघवी तासाला किमान 30 मिलिलिटर होतेय ना, हे तीन. यातलं एकही कमी पडलं तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवायचं. पाचवी चिठ्ठी या तिघांमागच्या कारणाची: मॅग्नेशियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते रक्तात साचतं, आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते आणि मग श्वास मंदावतो. सहावी उताऱ्याची: कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 टक्के, 10 मिलिलिटर, सावकाश शिरेतून. (प्रत्यक्ष रुग्णाला आपल्या रुग्णालयाची लेखी पद्धत आणि डॉक्टरांची ऑर्डर हेच शेवटचं, हे पेपरापुरतं.)

पाचव्या चिठ्ठीने बाकीच्या पाच जागेवर बसवल्या. कारण कळलं की 16 आणि 30 हे आकडे पाठ करावे लागत नाहीत, त्यांना टेकू मिळतो. ती चिठ्ठी पहिल्या चार दिवसांत दोनदा ‘उद्या’च्या लिफाफ्यात परतली, मग आठवड्याच्या लिफाफ्यात गेली आणि तिथून हलली नाही.

आता बसकडे. साडेसातला चेंबूरहून शहराकडे जाणारी बस म्हणजे उलट्या दिशेचा प्रवास. ऑफिसं सुटलेली असतात आणि गर्दी उपनगरांकडे निघालेली असते. त्यामुळे तिला बहुतेक वेळा बसायला मिळतं. खिडकीशी बसायचं, चिठ्ठी एकदा बघायची, मग बाहेर बघत उत्तर जुळवायचं. नजर पानावर खिळत नाही, म्हणून पोटही ढवळत नाही. उभं राहावं लागलं तर लिफाफे पर्समध्येच राहतात आणि कानात इअरफोन जातो. फोनवर तिने स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड केले आहेत. प्रश्न विचारून झाला की आठ-दहा सेकंद काही नाही, मग उत्तर. ही मधली रिकामी जागा नसेल तर ते रेकॉर्डिंग रेडिओसारखं नुसतं वाजत राहतं. पहिल्यांदा तिने धडेच्या धडे वाचून रेकॉर्ड केले होते. दादरच्या पुढे काय ऐकलं तेच तिला सांगता येईना. एक सावधगिरी: एका कानातला इअरफोन काढून ठेवायचा. स्टॉप चुकायला नको हे झालंच, शिवाय रात्रीच्या बसमध्ये बाईमाणसाने दोन्ही कान बंद करून बसू नये हेही आहेच.

नऊ वाजता ओव्हर. दिवसपाळीची सिस्टर एकेका बेडपाशी थांबून सांगते: याचं सलाईन किती उरलंय, त्याची साखर किती आली, हिला मध्यरात्री कोणतं इंजेक्शन. त्यानंतर साधारण बारापर्यंत अभ्यासाचं नावही काढता येत नाही. औषधं, व्हायटल्स, नवीन ॲडमिशन, नातेवाइकांचे प्रश्न. एकच्या सुमारास, वॉर्ड शांत असेल तर, दोघी सिस्टर पाळीपाळीने पंधरा मिनिटं बसतात. एक बसली की दुसरी वॉर्डात फिरते. हा नियम अभ्यासासाठी मोडत नाहीत. बेल वाजली की चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात. बेडपाशी फोन तर नाहीच. एक तर लक्ष जातं, आणि नातेवाईक बघतो तेव्हा ‘सिस्टर फोनवर होत्या’ एवढंच त्याच्या ध्यानात राहतं.

एक वाजताची पंधरा मिनिटं आणि तीन वाजताची पंधरा मिनिटं घड्याळात सारखी असली तरी अभ्यासाला सारखी नसतात. शरीराचं तापमान पहाटेकडे सर्वात खाली उतरतं आणि तीन ते पाचच्या दरम्यान लक्ष, गणित, निर्णय हे सगळंच ढिलं पडतं. आपल्या सिस्टरला हे एका गणितावरून कळलं. इन्सुलिनचं साधं गणित होतं. भारतात इन्सुलिनच्या व्हायल 40 युनिट प्रति मिलिलिटर आणि 100 युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन तीव्रतांत मिळतात. सिरिंजही दोन, 40 च्या सिरिंजला लाल टोपण आणि 100 च्या सिरिंजला नारिंगी. 40 ची व्हायल आणि 100 ची सिरिंज अशी गल्लत झाली, आणि 20 युनिट हवी म्हणून 20 च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर रुग्णाला किती मिळेल?

100 च्या सिरिंजवर 20 ची खूण म्हणजे 0.2 मिलिलिटर. 40 च्या व्हायलमध्ये 0.2 मिलिलिटर म्हणजे 8 युनिट, हव्या त्याच्या निम्म्याहून कमी. उलट गल्लत झाली, म्हणजे 100 ची व्हायल आणि 40 ची सिरिंज, तर 20 च्या खुणेला 0.5 मिलिलिटर येतं, म्हणजे 50 युनिट. अडीचपट. साखर इतकी कोसळेल की रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. संध्याकाळी बसमध्ये तिने हे गणित सहज सोडवलं होतं. पहाटे सव्वातीनला तेच गणित दोनदा केलं आणि दोन्हीदा उत्तर वेगळं आलं. तिने वहीत चूक लिहिली नाही, वेळ लिहिली. त्या रात्रीपासून तीनचा चहा हा चहाच राहिला. फार तर पाठ झालेल्या, उत्तर एका शब्दाचं असलेल्या चिठ्ठ्या. इन्सुलिनची वापरलेली सिरिंज कोणत्या डब्यात? सुई सिरिंजला जोडलेलीच असेल तर लाल पिशवीत नाही, पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांतला हा प्रश्न पेपर काढणाऱ्यांचा लाडका आहे, कारण ‘सिरिंज म्हणजे प्लॅस्टिक, प्लॅस्टिक म्हणजे लाल’ असं हाताला वळण पडलेलं असतं.

यातली दुसरी गोष्ट अभ्यासाहून मोठी आहे. पहाटे तीनला तिचं कागदावरचं गणित चुकतं, तर वॉर्डातलंही चुकू शकतं. इन्सुलिन, पोटॅशियम यांसारखी औषधं दोघींनी तपासून द्यायची, हे ती आधीही करत होती. आता का करायचं तेही तिला माहीत आहे.

वॉर्ड हेच पुस्तक आहे, हे तिला तिच्या इनचार्ज सिस्टरनी दाखवलं. सकाळी ओव्हर संपल्यावर तिने सराव पेपर पुढे केला, तर त्यांनी उत्तरं न बघता एवढंच म्हटलं, “अगं, तू हा पेपर स्टाफ म्हणून सोडवतेस. इनचार्जच्या खुर्चीत बसून सोडव.” आणि पुढच्या महिन्याच्या ड्युटीचा कच्चा तक्ता तिच्या हातात दिला.

स्टाफ किती लागतो, हा प्रश्न तिने तोवर अंदाजाने सोडवला होता. भारतीय परिचर्या परिषदेच्या मापाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयातल्या साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी, आणि त्यावर रजेसाठी तीस टक्के राखीव. तीस खाटांचा वॉर्ड असेल तर दहा, अधिक तीन, म्हणजे तेरा. तिने उत्तर लिहिलं होतं सहा, कारण तिच्या डोळ्यांपुढे रात्रीच्या दोघी आणि दिवसाच्या चौघी होत्या. पेपरात मंजुरीचं माप लिहायचं असतं, आपल्या वॉर्डात दिसतं ते नाही. अनुभवी सिस्टरचे गुण सर्वात जास्त जातात ते इथे.

पण तक्ता भरायला बसल्यावर तिला त्या तेराचं खरं रूप कळलं. तेराजणींना आठवड्यातून एक सुट्टी म्हणजे रोज साधारण दोघी सुट्टीवर. नाइट संपवून ऑफवर गेलेली एक. कुणाचं आजारपण, कुणाचं बाळंतपण, म्हणून आणखी एक धरायची. उरल्या नऊ. सकाळी चार, दुपारी तीन, रात्री दोन. तेराच्या तेरा जागा भरलेल्या असतानाही रात्री दोघीच येतात, आणि एक जागा रिकामी राहिली की दुपारची तिसरी जाते. ‘आमच्या वाट्याला नेहमी दोघीच का,’ असं ती इतकी वर्षं म्हणत होती. त्याचं उत्तर त्या एका कागदावर होतं. या तक्त्यावर तिने कोणत्याही धड्याहून जास्त वेळ घालवला, आणि योग्य केलं.

रजेचे नियमही तसेच शिकता आले, स्वतःच्या सेवापुस्तकावरून. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम 1981 सालचे. पुस्तक कोरडं, पण स्वतःच्या रजेचा हिशेब कुणाला कोरडा लागतो? अर्जित रजा दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला पंधरा-पंधरा दिवस जमा होते. आजारपणात परिवर्तित रजा घेतली तर अर्धपगारी खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, म्हणजे दहा दिवसांच्या रजेला वीस. दोन वर्षांपूर्वीच्या टायफॉइडमध्ये आपले इतके दिवस कुठे गेले, ते तिला आत्ता समजलं. ही चिठ्ठी एकदाही ‘उद्या’च्या लिफाफ्यात परत आली नाही.

सकाळची बस अभ्यासाला नाही. आठ-साडेआठला वॉर्डातून सुटका होते, बस पुन्हा गर्दीच्या उलट दिशेची, बसायला जागा मिळते आणि बसताक्षणी मान पडते. सुरुवातीला तिला ती वेळ वाया जाते असं वाटायचं, म्हणून ती डोळे ताणून चिठ्ठ्या फिरवायची. संध्याकाळी त्याच चिठ्ठ्या घेतल्या की नव्यासारख्या वाटायच्या. झोपेत मेंदू दिवसभराचं मुरवतो, म्हणून आधी झोप वाचवावी लागते. आता ती कंडक्टरला स्टॉप सांगून ठेवते आणि खुशाल डोळे मिटते. घरी गेल्यावर खिडकीला जाड चादर लावायची, फोन सासूबाईंकडे द्यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचं. हा करार घरात सहजासहजी झाला नाही. दुपारी बाराला झोपलेली सून म्हणजे आळशी सून, हे गणित अनेक घरांत अजून तसंच आहे. सासूबाईंना पटलं ते मुलाने सांगितल्यावर: “आजी, तिची रात्र आत्ता सुरू झालीय.”

चिठ्ठ्यांनी सगळं होतं असं मात्र नाही. पंधरा मिनिटांचे तुकडे जोडून दीड तास सलग बसायची सवय लागत नाही. पहिल्या पूर्ण सराव पेपरात तिचे शेवटचे बारा प्रश्न सुटले, कारण पहिल्या वीस प्रश्नांवर ती वॉर्डातल्यासारखी दोनदा तपासत बसली होती. हे दुखणं तुकड्यांत कळत नाही. म्हणून नाइट ऑफनंतरचा दुसरा दिवस तिने पूर्ण पेपरासाठी ठेवला. पहिला नाही, कारण पहिल्या दिवशी शरीर अजून रात्रीतच असतं. लेखी उत्तरांचंही तसंच. ‘वॉर्डात औषधाची चूक झाली तर इनचार्ज म्हणून काय कराल’ याचं उत्तर मुद्द्यांत तोंडपाठ असतं: आधी रुग्ण बघायचा, डॉक्टरांना कळवायचं, नोंद करायची, घटना-अहवाल पाठवायचा, दोष देत न बसता चूक कशी घडली ते शोधायचं. पण ते क्रमाने, स्वच्छ अक्षरात, वीस मिनिटांत लिहायला हाताला सराव लागतो, आणि रोज चार्ट भरणारा हात सलग परिच्छेद लिहायला विसरलेला असतो. आठवड्याला दोन उत्तरं, टेबलाशी बसून. मुलाचा दहावीचा अभ्यास त्याच टेबलावर चालतो, एवढं एक बरं.

दुसऱ्या पूर्ण पेपरात तिला चौतीस गुण मिळाले. अजून चुकतात ते बालरोगाचे प्रश्न आणि शिस्तभंगाच्या कारवाईचे टप्पे. बालरोगाच्या चिठ्ठ्या तयार आहेत. शिस्त व अपील नियमांच्या अजून व्हायच्या आहेत.

एक धोका तिच्या हातातला नाही. परीक्षा सकाळी अकराला, आणि तक्त्यात तिची आदल्या रात्री नाइट आहे. दुपारी तीनला उठलेली सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत वीस तास जागी असते. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 साली दाखवलं की सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाएवढी घसरते. आपल्याकडे वाहन चालवायची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. गाडी चालवायला मनाई असलेल्या अवस्थेत तिने रजेचे नियम सोडवायचे, म्हणजे आठवडेच्या आठवडे फिरवलेल्या चिठ्ठ्यांवर पाणी.

तिने प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी ड्युटी बदलण्याचा लेखी अर्ज दिला, तीन नावं सुचवून, कारण तक्ता कसा भरतात ते आता तिला माहीत आहे. एकीने आनंदाने होकार दिला, बदल्यात गणपतीतल्या दोन नाइट मागून. पदोन्नतीच्या परीक्षेला बसणाऱ्या सिस्टरनी अर्ज असाच लवकर आणि लेखी द्यावा. आणि ज्या मेट्रन आणि इनचार्ज तक्त्यावर सही करतात त्यांनी परीक्षार्थींना आदल्या दोन रात्री दिवसपाळी द्यावी. तेरा नावांच्या तक्त्यात त्यासाठी दोन घरं बदलावी लागतात.